दुपारच्या अधिवेशनाचा बाक

मी रक्त तपासते. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली दहा वर्षं हेच काम. नळी येते, लेबल बघायचं, मशीनला लावायची, आकडा आला की वहीत उतरवायचा. आकडा पटला नाही तर पुन्हा लावायची. भुतं, योगायोग, गेल्या जन्मीचे ऋणानुबंध यांच्यासाठी आमच्या वहीत रकाना नाही, आणि मला त्याची कधी गरजही भासली नाही. घरात कोणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून चहा टाकते. तेव्हा हे लिहिताना माझीच मला थोडी लाज वाटते आहे. तरी लिहिते, कारण सहा महिने झाले आणि आकडा काही केल्या जुळत नाही.

मी शर्वरी, वय चौतीस. डिलाईल रोडला आईबरोबर राहते. लग्न झालेलं नाही. कांदेपोह्यांना कंटाळले, म्हणून डेटिंग ॲपवर आले. तिथे आणण्याचं श्रेय आयरीनचं. आयरीन माझ्या शेजारच्या टेबलावर बसते — गिरगावातल्या जुन्या ख्रिश्चन वाडीतली, सात पिढ्या मुंबईत, जिभेला हाड नाही. पहिला मेसेज कसा टाकावा याचं शास्त्र तिनेच मला शिकवलं.

"हाय-हॅलो करू नको गं, मरतील सगळे बोअर होऊन," ती म्हणाली. "गाव टाक, नाहीतर शाळा टाक. गाव म्हटलं की माणूस पाघळतो बघ."

खरंच पाघळतो. मी तीन-चार जणांवर वापरून पाहिलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे त्यातलं काय चालतं, काय नाही, हे नीट बघितलं. 'अय्या, आपण एकाच शाळेतले!' असं लिहिलं तर समोरचा 'अरे वा' म्हणतो आणि संभाषण तिथेच आडवं होतं. शाळेचं नाव घ्यायचंच नाही. त्याऐवजी गुगलवर मिळणार नाही अशी एखादी बारकी गोष्ट काढायची — जिन्याची सैल फळी, पाण्याच्या टाकीचा गंजका नळ. त्यातून कळतं की ही खरंच आतली आहे. मग त्या गोष्टीवरून त्याच्यावर छोटासा आरोप करायचा. कौतुकाला माणूस फक्त थँक्यू म्हणतो, पण आरोप केला की बाजू मांडायला चार ओळी लिहितो. शेवटी एक सोपा प्रश्न ठेवायचा, उत्तर देताना डोकं खाजवावं लागू नये असा. आपल्याच बॅचचा असेल तर हात लावायचा नाही. तो रात्रीपर्यंत शाळेच्या ग्रुपवर विचारून मोकळा होतो. चार-पाच वर्षांचं अंतर उत्तम — बाई त्याच, शिपाई तोच, पण ओळखीचं कोणी नाही. राहायची गल्ली वगैरे बोलायची नाही, माणूस बिचकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच-सहा मेसेजमध्ये शाळेतून बाहेर पडून आजवर यायचं. नाहीतर दोघं बहीणभाऊ होऊन बसतात.

मंदारचं प्रोफाइल दिसलं ते जेवणाच्या सुट्टीत. वय अडतीस. दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. एका फोटोत मागे आमच्या शाळेचा जिना होता; त्या लोखंडी कठड्यावरची फुलं मी झोपेतही ओळखेन. खाली एकच ओळ : 'गिरगाव, दुपारचं अधिवेशन.'

इथे थोडं समजावून सांगते. आमच्या शाळेत जागा कमी आणि मुलं जास्त, म्हणून दोन अधिवेशनं होती. सकाळी एक वर्ग बसायचा, दुपारी त्याच खोलीत, त्याच बाकांवर दुसरा. आपल्या बाकावर रोज कोणीतरी बसतं, पण ते कोण हे कधी दिसत नाही. मी सकाळची होते.

मी दोन मेसेज लिहिले, खोडले. तिसरा मात्र एकदम आला, जणू आधीच तयार होता :

'दुपारचं अधिवेशन? म्हणजे माझ्या बाकावर कर्कटकाने कोरणारा तूच. तिसरी रांग, खिडकीकडचा. मी सकाळची. माफी कधी मागतोस?'

आयरीनने वाचून अंगठा वर केला. मेसेजमध्ये बारकी गोष्ट होती, आरोप होता, सोपा प्रश्न होता. फक्त खरं असं त्यात शाळा आणि 'सकाळची' सोडून काही नव्हतं. मी बसायचे पहिल्या रांगेत, भिंतीकडे. माझ्या बाकावर कोणी काही कोरलं नव्हतं. आणि दिवसभर आकडे बघणाऱ्या मला एक साधी वजाबाकी सुचली नाही. मी त्या शाळेत आले आठवीत, त्याआधी लालबागला शिकत होते. मंदार माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी शाळेत पाऊल टाकलं तेव्हा तो बाहेर पडून वर्ष उलटून गेलं होतं. आम्ही कुठलाच बाक वाटून घेणं शक्य नव्हतं.

उत्तर यायला चार तास लागले.

'कोरलं नाही कधी. पट्टीवर लिहायचो.'

आणि मिनिटाभराने :

'तू आहेस ती?'

मला वाटलं, वा, खेळाडू आहे. आरोप झेलला आणि चेंडू परत टाकला! मी उत्साहाने लिहिलं, 'मग कोण? इतकी वर्षं कुठे होतास?'

हे माझं खोटं. एवढंच, पण पूर्ण खोटं. पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

रविवारी सकाळी दादरला भेटलो. मंदार उंच, सावकाश बोलणारा, शर्टाच्या खिशाला पेन्सिल लावलेला. मला तो बघताक्षणी आवडला, हे लपवत नाही. त्याने दोन पियूष मागवले आणि म्हणाला, "ॲपवर वय कमी लावलंयस ना? मी हिशोब केला. चार वर्षं तरी कमी आहे. काय हरकत नाय, सगळेच लावतात."

मी त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी हसले, आणि ते त्याला 'हो' वाटलं.

मग तो पट्टीबद्दल बोलला.

नववीत असताना त्याचे वडील आजारी पडले. मिल बंद झाल्यावर पडेल ते काम करणारे वडील अंथरुणाला खिळले. आई दिवसभर त्यांच्यापाशी. थोरला म्हणून मंदारने ठरवलं, शाळा पुरे. रे रोडला लाकडाच्या वखारीत ओळखीने काम मिळणार होतं, सोमवारपासून. शुक्रवारी तो शेवटचा म्हणून शाळेत गेला. बाकाखालच्या कप्प्यात दप्तर सरकवताना हाताला लाकडी फूटपट्टी लागली. त्याची नव्हती. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलं होतं : 'उद्या ये.'

"शनिवारी अर्धी शाळा असायची," मंदार म्हणाला. "म्हटलं, जाऊन बघू तरी कोण आहे. पुढच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं, 'कशाला येऊ? बाबा आजारी आहेत.' शनिवारी उत्तर तयार. 'बाबा बरे होतील का माहीत नाही. तू ये.' असं कोणी बोलत नाय गं. सगळे सांगायचे, होतील बरे, देव आहे. तू एकटी खरं बोललीस."

मी पियूषकडे बघत राहिले. 'तू एकटी खरं बोललीस' हे वाक्य त्या दिवशी मला फार लागलं.

"सोमवारी मी वखारीत गेलोच नाय. शाळेत गेलो. मग दहावी झाली, डिप्लोमा झाला. बाबा गेले त्याच वर्षी, पण मी शाळेत होतो." ग्लास बाजूला सारत तो म्हणाला, "ती ओळ नसती तर मी आज वखारीत असतो. नायतर कुठेच नसतो. तेव्हा डोक्यात काय काय यायचं."

म्हणजे बघा. माणूस एका मुलीचे उपकार चोवीस वर्षं मनात घेऊन फिरत होता, आणि मी जेवणाच्या सुट्टीत दोन खोडलेल्या मेसेजनंतर त्या मुलीच्या जागेवर जाऊन बसले होते. त्याला बघितलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. सांगितलं असतं तर उठून गेला असता. मी सांगितलं नाही. दोन आठवडे रोज मेसेज चालले, फोन चालले. मी त्याच्यात गुंतत गेले आणि तेवढीच अडकत गेले.

आयरीनला सांगितलं तर ती पहिल्यांदाच विनोद न करता बोलली. "हे बघ, शाळेचं फेकणं वेगळं. हे दुसऱ्याचं माणूस ढापणं झालं. सांगून टाक."

सांगून टाकायचं ठरवून मी माटुंग्याला गेले. इडलीची जागा, शनिवारची सकाळ, आजूबाजूला कॉलेजची मुलं. मंदार पाठीवर बॅग घेऊन आला होता. मी तोंड उघडणार, इतक्यात त्यानेच टेबलावरचा कागदी रुमाल माझ्याकडे सरकवला आणि खिशातली पेन्सिल पुढे केली.

"एक मागू? 'उद्या ये' लिहून दाखव ना. एकदाच."

पेन्सिल मी परत दिली, पर्समधलं माझं लॅबचं निळं पेन काढलं. बोलणं जमत नव्हतं ते लिहिणं जमलं. मी लिहिलं, 'मी ती नाही. मी खोटं बोलले.' रुमाल त्याच्याकडे फिरवला आणि बोलायला लागले. आठवीत आले ते, पहिल्या रांगेतला बाक, आयरीनचं शास्त्र — सगळं. वय खरं आहे, तेवढंच खरं आहे. उठून जायचं तर जा, मी काही म्हणणार नाही.

मंदार ऐकत होता की नाही, कळेना. तो रुमालाकडे बघत होता. शेवटी बोट ठेवून म्हणाला, "हे काय?"

ओळीखाली दोन टिंबं होती. आडवी, शेजारी शेजारी.

"ती सवय आहे," मी म्हणाले. "लॅबमधली. दोनदा तपासलं की आकड्याखाली दोन टिंबं द्यायची. महत्त्वाचं काही लिहिलं की हात आपोआप देतो."

त्याने बॅग उघडली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली फूटपट्टी काढली आणि मागची बाजू वर करून माझ्यासमोर ठेवली. शाई फिकट जांभळी झाली होती. एकाखाली एक चार ओळी.

'उद्या ये.'
'बाबा बरे होतील का माहीत नाही. तू ये.'
'डबा खा आधी.'
'गणिताला घाबरू नकोस. मीही चुकते.'

प्रत्येक ओळीखाली दोन टिंबं.

अक्षर माझं होतं. मी हे हौसेने म्हणत नाही. माझं अक्षर मी रोज शंभरदा बघते. डावीकडे झुकलेलं, काना तोकडा, शिरोरेषा शब्द संपण्याआधीच सोडलेली. आईची त्यावरून ओरडण्यात हयात गेली. रुमाल आणि पट्टी शेजारी ठेवली तर शिकाऊ पोरीनेही एकाच माणसाचं सांगितलं असतं. इडली आली, गार झाली. मी मंदारच्या हातावर हात ठेवला, दुसरं काय करणार?

पुढचे पंधरा दिवस मी तपासण्यातच घालवले. दोन टिंबं मला शिकवली आमच्या सामंत मॅडमनी, मी चोवीस वर्षांची असताना, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. मॅडम आता निवृत्त आहेत. त्यांना फोन करून विचारलं, ही खूण तुम्ही कुठून घेतली?

"कुठून घेईन? माझीच आहे ती," त्या म्हणाल्या. "नागपूरला असल्यापासूनची. मुंबईत तुझ्याशिवाय कोणाला दिली नाही, बाकीच्या ऐकायच्या कुठे? आणि गिरगावच्या शाळेचं म्हणशील, तर मी तिथे कशाला जाईन बाई?"

मंदारने पट्टी बनवली असेल का, हेही तपासलं. मला कोणी फसवत असेल तर ते कळायला हवं होतं. त्याची आई मला भेटली. कुडाळकडचं बोलणं, कपाळावर गोंदण. पट्टीचं नाव काढताच म्हणाल्या, "ती लाकडाची मां? खयसून हाडली देव जाणे. ह्यांच्या तेराव्याक पण उशाशी घेऊन निजलेलो झील." म्हणजे वडिलांच्या तेराव्यालाही मुलगा पट्टी उशाशी घेऊन झोपला होता, आणि तेव्हा मी अकरा वर्षांची होते, लालबागला होते. सामंत मॅडम कोण, हे मला ठाऊक व्हायला आणखी तेरा वर्षं होती. लॅबच्या वहीत याला एकच शेरा असतो — नमुना बदलला असावा. पण इथे बदलायला दुसरा नमुना कुठला?

आणखी एक प्रश्न मला छळतो. तिसरी रांग, खिडकीकडचा बाक. मी तिथे कधीच बसले नाही. मग तो मेसेजमध्ये आला कुठून? तेव्हा वाटलं, सुचला.

पट्टीच्या पुढच्या बाजूला, सेंटिमीटरच्या रेघांवर मंदारचं पेन्सिलीचं लिखाण आहे, बरंचसं पुसलेलं. शेवटचं मात्र वाचता येतं : 'तुझं नाव काय?' त्याचं उत्तर त्याला मिळालं नाही. नंतर बाक बदलले, संपलं.

मे महिन्यात मंदार म्हणाला, शाळा पाडताहेत. मराठी शाळेला मुलं उरली नव्हती, तीन वर्षांपासून कुलूपच होतं. नव्या इमारतीचे नकाशे योगायोगाने त्याच्याच ऑफिसात आले होते. मोजमापाला त्याला जायचं होतं. "येतेस?" त्याने विचारलं.

शनिवारी सकाळी अकराला गेलो. जाता जाता मी गिरगावातल्या एका जुन्या वह्यांच्या दुकानात शिरले. लाकडी फूटपट्टी आहे का विचारलं. दुकानदार काकांनी माळ्यावरून धुळीचा गठ्ठा काढून एक पुसून दिली. "हल्ली कोण घेतं ही," म्हणाले. मंदारने बघितलं.

वर्गात ऊन आलं होतं. बाक अजून रांगेत होते, फळ्यावर कोणीतरी कंत्राटदाराचा नंबर खडूने लिहून ठेवला होता. मंदार दारात थांबला. "मी बाहेरची मापं घेतो," म्हणाला आणि गेला.

मी तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या बाकावर बसले. बराच वेळ बसले. हा मूर्खपणा आहे, हे मला कळत होतं. वेळ उलटी वाहत नाही, पट्ट्या प्रवास करत नाहीत, परवा हे बाक भंगारात जाणार आहेत. माझा अजूनही या कशावर विश्वास नाही, आणि का झालं, कसं झालं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर सांगा, मी तपासून बघेन. पण तिथे बसल्यावर एकच गोष्ट डोक्यातून जाईना. तो चौदा वर्षांचा मुलगा शुक्रवारी दुपारी इथे येणार, कप्प्यात हात घालणार. आणि समजा, हाताला काहीच लागलं नाही तर?

मी निळं पेन काढलं.

लिहून झाल्यावर पट्टी कप्प्यात आत सरकवली, हात झटकले आणि खाली आले. मंदार पायरीवर बसला होता, टेप गुंडाळत. आम्ही गेटपर्यंत चाललो. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "टिंबं दिलीस?"

"दिली," मी म्हणाले. "दोन."